"ग्रुपवर टाकलंय की"

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "ताई, सगळं लिही, मी म्यूट केलं होतं तेही लिही."

तो नोकरीसाठी परदेशात आहे, दुसरं वर्ष चालू आहे. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आम्ही ४१ जण आहोत. आपल्याकडे सकाळी सहाला सुप्रभात सुरू होतं, तेव्हा त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. आपल्या दुपारी बाराला कुणाचा तरी वाढदिवस निघतो आणि पन्नास शुभेच्छा लागोपाठ येतात, तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे अडीच. सुरुवातीला तो रोज झोपताना आठ तासांसाठी ग्रुप म्यूट करायचा. एका रात्री विसरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं सादरीकरण होतं आणि पहाटे तीनपर्यंत फोन वाजत राहिला. त्या दिवशी त्याने 'नेहमी' हा पर्याय निवडला आणि ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकून दिला. पूर्वी आर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला की आपोआप वर यायचा. २०२१ पासून तो तिथेच राहतो. महिनाभर त्याने अधूनमधून उघडून पाहिलं, मग तेही सुटलं. आईला मात्र दर रविवारी फोन असायचा, तो कधी चुकला नव्हता.

त्या शनिवारी सकाळी पावणेसातला आजी न्हाणीघरात पडली. उचलताना ती ओरडली त्यावरूनच कळलं की साधं लागलेलं नाही. डावा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. खुब्याचं हाड मोडलं की पाय असाच दिसतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आठ वाजून दहा मिनिटांनी, रुग्णवाहिकेत बसल्या बसल्या, मी ग्रुपवर लिहिलं, "आजी पडली आहे. हॉस्पिटलमध्ये नेतोय." त्याच्याकडे शुक्रवारची रात्र होती, दहा चाळीस. तो जागा होता. फोन त्याच्या हातात होता.

एक्स-रेनंतर मी दुसरा मेसेज टाकला, शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आहे म्हणून. तोवर पहिल्या मेसेजखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. काळजी घ्या, बऱ्या होतील, कुठलं हॉस्पिटल. दुपारी मोठ्या आत्याने विचारलं, "त्याला कळवलं का?" काकांनी लिहिलं, "ग्रुपवर टाकलंय की." मी ते वाचलं. मला ते पुरेसं वाटलं. आत्यालाही वाटलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

या दोन ओळींवर मी किती वेळा परत आले असेन, मोजदाद नाही. आत्याने 'त्याला' असं लिहिलं. तिने @ दाबून त्याचं नाव निवडलं असतं, तर ग्रुप म्यूट असूनही, आर्काइव्हमध्ये असूनही, त्याच्या फोनवर सूचना गेली असती. म्यूटमधून दोन गोष्टी सुटून पोहोचतात: तुमचं नाव घेतलेला मेसेज आणि तुमच्या मेसेजला दिलेलं उत्तर. बाकी सगळं गुपचूप येऊन पडतं. आमच्या ४१ जणांत हे माहीत असलेला एकच जण होता, आणि तो तिकडे होता.

रविवारी आजी पूर्ण शुद्धीत होती. वेदनाशामकांमुळे थोडी सुस्त, पण बोलत होती. तीनदा तिने विचारलं, "त्याचा फोन आला का गं?" पहिल्यांदा मी म्हटलं, येईल. दुसऱ्यांदा म्हटलं, तिकडे रात्र आहे. तिसऱ्यांदा मी उत्तर दिलं नाही, कारण मला राग यायला लागला होता. नेमका तोच रविवार त्याचा घर बदलण्याचा होता. आईला त्याने शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं की या रविवारी फोन जमणार नाही. आई त्या धावपळीत ते विसरून गेली होती.

सोमवारी शस्त्रक्रिया नीट पार पडली. मंगळवारी दुपारी त्याचा आईला मेसेज आला, "कपाटातल्या निळ्या फाइलमधल्या प्रमाणपत्राचा फोटो पाठव ना, घाई आहे." आईने तो मेसेज मला दाखवला. तिचा हात थरथरत होता. आजीबद्दल एक शब्द नाही. तिने घरी जाऊन कपाट उघडलं, फोटो काढला, पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्याला वाटलं, आई कामात असेल. त्या एका क्षणी दोघांपैकी कुणीही एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर सगळं उघड झालं असतं. पण आई दुखावली होती, आणि दुखावलेलं माणूस विचारत नाही, वाट पाहतं.

त्याच रात्री आजीला भ्रम झाला. म्हातारपणी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत हे बऱ्याच जणांना होतं. वेळेचं भान जातं, माणसं ओळखू येत नाहीत, रात्री जास्त होतं. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आम्ही हादरलो. आजी मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती.

बुधवारी सकाळी मी त्याला लिहिलं, "तुला काहीच वाटत नाही का?"

"कशाबद्दल?"

मी फोन हातात धरून बसून राहिले. मग ग्रुप उघडला, माझा शनिवारचा मेसेज दाबून धरला आणि माहिती पाहिली. 'वाचला' खाली ३८ नावं. 'पोहोचला' खाली दोन. एक चुलतभाऊ आणि दुसरा तो.

चार दिवस मी त्या मेसेजवरच्या दोन करड्या खुणा पाहत होते. पोहोचलं, असं मला वाटत होतं. पोहोचलं होतंच, त्याच्या फोनपर्यंत. म्यूट केलेल्या फोनवरही त्या दोन खुणा तशाच उमटतात, पाठवणाऱ्याला काही कळत नाही. आणि ग्रुपमध्ये खुणा निळ्या व्हायला शेवटच्या माणसानेही वाचावं लागतं. ४१ जणांच्या ग्रुपमध्ये एखादा तरी राहतोच, म्हणून खुणा निळ्या झाल्या नाहीत याकडे आमचं कुणाचं लक्षच जात नाही. पण कुणी वाचलं आणि कुणी नाही ही यादी तिथे शनिवारपासून होती. एकेकट्याशी बोलताना वाचल्याची खूण बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये येत नाही. यादी खरंच सांगत होती. आम्ही कुणी ती उघडली नाही.

ही गोष्ट कळल्यावर नातेवाइकांत जे बोललं गेलं ते मला मान्य नाही. "आजकालच्या मुलांना घरचा ग्रुप नकोसा होतो." त्याची चूक आहे, तो स्वतः म्हणतो. पण रात्री अडीचला पन्नास शुभेच्छा येणारा ग्रुप त्याने म्यूट केला, आजीला नव्हे. आणि बातमी मी दिली होती. देताना मी ती ४१ जणांसमोर ठेवली, एकाच्याही हातात दिली नाही.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. मध्येच एकाला झटका आल्याचे आवाज ऐकू येतात. ते मुद्दाम ऐकवलेले होते. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. ही माणसं निर्दय नव्हती, उठली नाहीत तीही अस्वस्थ होती. दुसरं कुणी उठलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. मी ते वाचलं तेव्हा मला काकांचं वाक्य ऐकू आलं. आम्ही चाळीस जण होतो आणि प्रत्येकाला वाटलं की कुणीतरी फोन केला असेल. मला तर वाटलं आईने केला असेल. आईला वाटलं मी केला असेल.

आता आमच्याकडे ठरलेलं आहे. आजाराची, अपघाताची बातमी असली की ज्याने पहिल्यांदा पाहिलं तो मला फोन करतो, आणि बाहेरगावच्या तिघांना मी फोन करते. आधी फोन, मग ग्रुप. मेसेजला उत्तर म्हणून नमस्कार आला तरी धरायचं नाही, आवाज ऐकायचा. तो झोपलेला असेल तर लागोपाठ दोनदा करायचा. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेलं असलं तरी त्याच माणसाचा दुसरा फोन वाजू देण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत. ती सेटिंग चालू असावी लागते. त्याने ती चालू केली आहे, आणि माझा नि आईचा नंबर वेगळा काढून ठेवला आहे.

फक्त महत्त्वाच्या बातम्यांसाठी वेगळा ग्रुपही काढून पाहिला. बाराव्या दिवशी त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. मी कुणाला बोलले नाही, पण त्या ग्रुपवर आता माझा भरवसा नाही.

त्याने मोठा ग्रुप अजून म्यूटच ठेवला आहे. मीच सांगितलं, राहू दे.

बुधवारी त्याने फोन केला तेव्हा आजीने त्याला ओळखलं नाही. आजोबा समजून ती त्याच्याशी बोलत राहिली, आणि तो वीस मिनिटं ऐकत राहिला. आठवड्याभरात ती सावरली. घरी आली, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागली. महिन्याने तो सुट्टी काढून आला. तिच्या पलंगाशी बसला होता, मी दारात होते.

आजी मला म्हणाली, "हॉस्पिटलात सगळ्यात जास्त हाच बसला माझ्यापाशी. रात्रभर पायाशी असायचा."

आम्ही कुणीच तिला कधी दुरुस्त केलं नव्हतं. आईने तर मान डोलावली असती. पण तो म्हणाला, "आजी, तो मी नव्हतो. मला कळलंच नव्हतं. मी फोनसुद्धा केला नाही."

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग कोण होतं रे?" तिने विचारलं.