मंगळवारी सकाळी दहा वाजता वेर्ण्याच्या कारखान्यात : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : «तुमच्या लेखाप्रमाणे मंगळवारी सकाळी दहा वाजता वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतल्या चाळीस जणांना नोकरीबद्दल मेसेज पाठवले. तिघांची उत्तरे आली. वेळेचे हे शास्त्र थोतांड आहे. पगार चांगला असेल तर माणूस मध्यरात्रीही उत्तर देतो.» — एक वाचक, फोंडा

नमस्कार,

नोकरी बदलायची की नाही, हे माणूस पगार, पद आणि घरापासूनचे अंतर पाहून ठरवतो, याविषयी माझे दुमत नाही. पण हा निर्णय मेसेज वाचल्यानंतर होतो, आणि वेळेचा परिणाम होतो तो त्याआधीच्या टप्प्यावर. तेव्हा प्रथम एक तपासणी करावी, ही विनंती. ज्या सदतीस जणांची उत्तरे आली नाहीत, त्यांपैकी किती जणांनी मेसेज उघडला होता? काही लोक मेसेज वाचल्याची खूण बंद ठेवतात, तरीही अंदाज येण्यापुरती माहिती मिळते. बहुतेकांनी वाचून उत्तर दिले नसेल, तर दोष मजकुरात किंवा देऊ केलेल्या पगारात आहे आणि वेळ बदलून काही साधणार नाही. बहुतेकांनी उघडलाच नसेल, तर मात्र पुढचे वाचावे.

मंगळवार सकाळची शिफारस टेबलावर बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. लिंक्डइनने स्वतःच्या आकडेवारीवरून सांगितले आहे की भरतीच्या मेसेजना शुक्रवारी आणि शनिवारी काहीशी कमी उत्तरे येतात. उरलेल्या दिवसांत फारसा फरक पडत नाही. म्हणजे वाराचे महत्त्व मर्यादितच आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर वारापेक्षा तासच अधिक मोलाचा ठरतो.

आपल्या यादीतला एक उत्पादन विभागाचा माणूस घेऊ. सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा आणि रात्री अकरा ते सात अशा तीन पाळ्या धरू. मंगळवारी दहा वाजता पहिल्या पाळीचा माणूस गाऊन चढवून आत असतो आणि त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. तीन वाजता तो फोन हातात घेतो, तेव्हा आपल्या मेसेजवर घरचे निरोप, बँकेचे एसएमएस आणि ग्रुपवरच्या गप्पा यांचा थर साचलेला असतो. शिवाय तो कंपनीच्या बसमध्ये बसलेला असतो आणि शेजारी बहुधा त्याच्याच विभागातला कोणीतरी असतो. अशा ठिकाणी दुसऱ्या कंपनीचा मेसेज कोणी उघडून वाचत नाही. त्याला संध्याकाळी पाच ते सात या वेळेत, तो घरी पोचून चहा घेऊन झाल्यावर, गाठावे. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळचे साडेदहा ते साडेबारा उत्तम, कारण तेव्हा तो घरीच असतो आणि बस यायला अवकाश असतो. तिसऱ्या पाळीचा माणूस आपल्या दहाच्या ठोक्याला गाढ झोपेत होता. तो दुपारनंतर उठतो, म्हणून त्यालाही संध्याकाळच सोयीची.

आता कोण कोणत्या पाळीत आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार कसे? बऱ्याच कारखान्यांत पाळी आठवड्याने बदलते, आणि याचाच उपयोग करून घेता येतो. स्मरणाचा मेसेज तीन दिवसांनी त्याच वेळी पाठवला, तर तो त्याच पाळीत, त्याच अडचणीत जाऊन पडतो. तोच बरोबर सात दिवसांनी, त्याच तासाला पाठवला, तर तो माणूस बहुधा दुसऱ्या पाळीत असतो आणि आपल्या निरोपाला खरोखरीची दुसरी संधी मिळते. उत्तर आलेच, तर पहिल्याच संभाषणात «या आठवड्यात कुठली शिफ्ट?» एवढे विचारून नोंद करून ठेवावी, फोन केव्हा करायचा तेही त्यावरूनच ठरते.

माझे म्हणणे पडताळायचे असेल, तर पुढची चाळीस नावे आद्याक्षरांनुसार लावून एकाआड एक अशी दोन गटांत वाटावीत आणि मजकूर अक्षरशः एकच ठेवावा. त्याच मंगळवारी एका गटाला सकाळी दहा वाजता आणि दुसऱ्याला संध्याकाळी साडेपाच वाजता पाठवून आठवड्याने उत्तरे मोजावीत. विसांपैकी दोन विरुद्ध चार असा निकाल आला, तर त्यावरून काहीही ठरवू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो. हाच प्रयोग पुढच्या भरतीतही करून बेरीज वाढवत न्यावी. चवथीच्या आठवड्यातले आकडे मात्र त्यात धरू नयेत, कारण त्या दिवसांत माणसे आपल्या मूळ घरी असतात आणि नोकरीचा विषय बाजूला पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची. संध्याकाळी साडेपाचला मेसेज पाठवून सहाला कार्यालय बंद करून निघणार असाल, तर पावणेसातला आलेल्या «पगार किती? जागा कुठे?» या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर जाईल, आणि तोवर तो माणूस पुन्हा आत, फोन लॉकरमध्ये. म्हणून जो तास निवडाल, त्यानंतरचे दोन तास फोन आपल्या हाताशी असला पाहिजे.