एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून पिशवी काढायची?

«एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर सुरू झालाच. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हेही त्यातूनच कळतं. वाट बघू नका, पिशवी काढून टाका.» — ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज

एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू आहे, आणि त्याच्या काही प्रकारांमुळे पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो. एचपीव्ही टेस्ट फक्त या विषाणूचा डीएनए शोधते. पेशी बिघडल्या आहेत का, हे ती सांगत नाही. ते पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी घेऊन केलेल्या तपासणीत दिसतं. बहुतेक बायकांचं शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत आपणच हटवतं. तो वर्षानुवर्षं टिकला तरच धोका वाढतो, आणि प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात.

नवऱ्याबद्दलचा निष्कर्ष तर साफ चुकीचा आहे. लागण लग्नाआधीची, दोघांपैकी कुणाचीही, अनेक वर्षं दबून राहिलेली असू शकते. ती कधी झाली हे कुठलाही रिपोर्ट सांगू शकत नाही. या एका वाक्यापायी घरात भांडणं होतात आणि बाई पुढच्या तपासणीला जातच नाही.

आता पिशवीचं. समजा, घणसोलीतल्या 42 वर्षांच्या बाईंचा रिपोर्ट असा आहे: पॅपमध्ये ‘ॲस्कस’, एचपीव्हीचे 16 आणि 18 हे सर्वांत धोक्याचे प्रकार निगेटिव्ह, ‘इतर हाय-रिस्क’ पॉझिटिव्ह. ॲस्कस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण कशामुळे ते ठरवता येत नाही. आधीचे रिपोर्ट नसतील तर पुढची पायरी कोल्पोस्कोपी. गर्भाशयाच्या मुखाला 3 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड लावून भिंगातून बघतात; संशयास्पद भाग पांढरा पडतो आणि तिथला काही मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीला जातो. पेशींमधला कॅन्सरआधीचा बिघाड ‘सीआयएन’ 1 ते 3 अशा चढत्या पायऱ्यांत मोजतात. बायोप्सीत सौम्य, म्हणजे ‘सीआयएन 1’ निघालं, तर ते बहुतेक वेळा आपोआप मावळतं. म्हणून उपचार न करता वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट करायची. ‘सीआयएन 3’ निघालं असतं, तर विजेच्या तारेच्या फासाने तेवढाच भाग काढला असता. त्याला लीप म्हणतात. ते सहसा जागा बधिर करून होतं आणि पिशवी जागेवरच राहते.

बायोप्सीशिवाय पिशवी काढण्यात खरा धोका आहे. आत कॅन्सर दडलेला असेल, तर साधी हिस्टरेक्टॉमी अपुरी पडू शकते आणि नंतर रेडिएशन घ्यावं लागू शकतं. शिवाय विषाणू योनीमार्गातही असतो, त्यामुळे सीआयएन 2 किंवा 3 साठी पिशवी काढली तरी तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

वाट कुठे बघायची नाही, तेही सांगतो. 16 किंवा 18 पॉझिटिव्ह असेल तर पॅप नॉर्मल असला तरी कोल्पोस्कोपी हवी. पॅपमध्ये ‘एचसिल’, म्हणजे पेशींमध्ये तीव्र बदल, असं लिहिलं असेल तर लगेच, एचपीव्ही निगेटिव्ह असला तरी. आणि संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर मागचा रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या.