घटसर्पात घसा मोकळा झाला, तरी विष पेशीत असतं

"घटसर्प म्हणजे घशातला पडदा, दुसरं काही नाही. तो श्वास कोंडतो म्हणून पोर दगावतं. हा रोग गोठ्यातल्या जनावरांकडून येतो. अँटिबायोटिक दिलं, पडदा गेला, की रोग गेला. घोड्याचं सीरम उगाच माथी मारतात. लस घेतलेल्याच्या घशातही जंतू सापडतोच, शिवाय लशीत तेच विष असतं. मग लस कशाला? सगळ्यांना पाठवा."

हा मजकूर मला गेल्या महिन्यात दापोलीच्या भाच्यापासून वेंगुर्ल्याच्या विहिणीपर्यंत पाच जणांनी पाठवला. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली, घशाचे नमुने तपासण्यात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गोठ्याचं आधी, कारण ते थोडक्यात आटपतं. मराठीत दोन वेगळ्या रोगांना एकच नाव पडलं आहे. पावसाच्या तोंडावर गुरांना ज्याची लस टोचतात तो घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा. माणसाचा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी या जंतूचा, आणि तो खोकल्या-शिंकेतून माणसाकडून माणसाकडे जातो. याच्याच कुळातला अल्सरन्स नावाचा जंतू क्वचित जनावरांतून येऊन हेच विष सोडतो, हे खरं. पण तोही गुरांच्या घटसर्पाचा जंतू नव्हे.

आता पडदा. तो स्वरयंत्रापर्यंत उतरला तर श्वास कोंडतो आणि मूल जातं, यात खोटं काही नाही. पण पडदा बनतो कशाचा? मेलेल्या पेशी, गोठलेलं फायब्रिन, पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा तो राखाडी थर असतो. खरवडला की खालून रक्त येतं, कारण तो वर साचलेला नसतो, खालच्या मेलेल्या थराला धरून असतो. त्या पेशी जंतूनं खाल्लेल्या नाहीत, विषानं मेलेल्या आहेत. १८८८ साली रू आणि येर्सिन यांनी पॅरिसमध्ये जंतू वाढवलेलं द्रावण इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यात एकही जंतू उरला नाही. ते नुसतं पाणी टोचलं तरी प्राण्यांना रोग झाला, पक्षाघातासकट. जंतू घशातच राहतो, विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत जातं. घशात दिसतो तो रोगाचा एक तुकडा.

हे विष पेशीत काय करतं ते नीट कळलं, की त्या मजकुरातले पुढचे सगळे मुद्दे आपोआप सुटतात. म्हणून इथं जरा थांबू.

विषाचा रेणू दोन भागांचा असतो, अ आणि ब. ब भाग आपल्या पेशीच्या बाहेरच्या एका प्रथिनाला चिकटतो. पेशी त्याला आपलं समजून एका छोट्या पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतलं पाणी आंबट होऊ लागलं की ब भागाचा आकार बदलतो, तो पिशवीच्या भिंतीत शिरून वाट करतो आणि त्या वाटेनं अ भाग पेशीच्या मुख्य द्रवात उतरतो. दोघांना जोडणारा गंधकाचा बंध तुटतो. अ भाग आता मोकळा, आणि खरं काम त्याचंच.

पेशीत प्रथिनं बनतात ती रायबोसोमवर. प्रथिनाचा आराखडा एमआरएनएच्या धाग्यावर लिहिलेला असतो; रायबोसोम त्या धाग्यावरून तीन-तीन अक्षरांनी पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला साखळीत एक अमिनो आम्ल जोडलं जातं. हे पाऊल टाकायला एक वेगळं प्रथिन लागतं, त्याचं नाव ईएफ-२. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल तर हे लगेच समजेल. दोर हातभर ओढायचा, पाय रोवायचा, परत हातभर. दोर आहे, जाळं आहे, जाळ्यात मासळी आहे, पण ओढणारे हात थांबले तर जाळं जागचं हलत नाही. ईएफ-२ हे ते हात.

विषाचा अ भाग या हातांना बेडी घालतो. बेडीचं लोखंड तो पेशीतूनच घेतो. एनएडी नावाचा रेणू प्रत्येक पेशीत असतो, अन्नातून ऊर्जा काढायला तो लागतो. अ भाग एनएडीचे दोन तुकडे करतो. निकोटिनामाइड सोडून देतो आणि उरलेला एडीपी-रायबोज हा तुकडा ईएफ-२ वर कायमचा जोडतो. जोडतो तो कुठंही नाही. ईएफ-२ मध्ये एका ठरलेल्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असतं. पेशी त्यावर बरीच कारागिरी करून त्याचं डिप्थामाइड बनवते. हे नावही डिप्थेरियावरूनच पडलं. आपल्या पेशीत डिप्थामाइड फक्त ईएफ-२ मध्ये सापडतं, आणि विष नेमकं तेवढंच ओळखतं. जंतूच्या स्वतःच्या रायबोसोमला पुढे ढकलणारं प्रथिन वेगळं आहे आणि त्यात डिप्थामाइड नाही. म्हणून जंतू आपल्याच विषानं मरत नाही.

हे शोधलं कसं, तेही सांगण्याजोगं आहे. १९६४ मध्ये कोलियर आणि पॅपेनहायमर पेशी फोडून काढलेल्या रसात प्रथिनं बनवत होते. त्या रसातले बारीक रेणू काढून टाकले, तर विष घालूनही काम चालूच राहिलं. एनएडी परत घातलं आणि काम थांबलं. एनएडीचा नेमका कोणता तुकडा कुठं बसतो, ते १९६८ मध्ये जपानमध्ये होंजो, निशिझुका आणि हायाइशी यांनी दाखवलं.

आता मजकुरातला सर्वांत घातक मुद्दा, औषधाचा. बेडी घालताना अ भाग स्वतः खर्च होत नाही. एका ईएफ-२ ला बेडी घातली की तो मोकळाच, दुसऱ्याकडे वळतो. समजा एका पेशीत ईएफ-२ चे वीस लाख रेणू आहेत आणि एक अ रेणू मिनिटाला हजारांना बेडी घालतो. हे आकडे मी निव्वळ हिशेबासाठी धरले आहेत. पण त्या हिशेबानं दीड दिवसाच्या आत पेशीतला शेवटचा हात बांधला जातो, आणि हे काम एकाच रेणूचं. १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी खरोखरच एकेका पेशीत अ भाग मोजून सोडला आणि पाहिलं, की पेशी मरायला एक रेणू पुरतो. माणसाला मारायला किलोमागे सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम विष पुरतं. वीस किलोच्या मुलाला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका बारीक दाण्यापेक्षाही कितीतरी कमी.

पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतू मारतं. ते चौदा दिवस द्यायलाच हवं, कारण नवं विष बनणं थांबतं आणि घरातल्या इतरांना लागण होत नाही. पण बनून बाहेर पडलेल्या विषाला अँटिबायोटिक हातही लावत नाही. रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतं ते अँटिटॉक्सिन, म्हणजे तेच घोड्याचं सीरम. त्यातली प्रतिपिंडं विषाला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. एकदा अ भाग आत उतरला की प्रतिपिंडाला तिथं वाट नाही. सगळा प्रश्न तासांचा आहे तो यामुळे. नुसत्या संशयावर, प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता सीरम देतात. आधी त्वचेवर थेंबभर चाचणी करतात, कारण घोड्याच्या प्रथिनाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. मात्रा पडदा किती पसरला आणि किती दिवस झाले यावर ठरते, वीस हजारांपासून एक लाख युनिटपर्यंत. मुलाला आणि मोठ्याला मात्रा सारखीच, कारण ती अंगात असलेल्या विषाला पुरायची असते, शरीराच्या वजनाला नव्हे.

आमच्याकडे आलेला एक मुलगा आठवतो. आठ वर्षांचा, खाडीकाठच्या वाडीतला. वडील ट्रॉलरवर खलाशी, बिऱ्हाड हंगामाप्रमाणे बंदरं बदलणारं, त्यात पाच वर्षांची टोचणी राहून गेली. पहिल्या दिवशी घसा दुखला, ताप जेमतेम. तिसऱ्या दिवशी टॉन्सिलवर राखाडी डाग. पाचव्या दिवशी मान सुजून जबड्याएवढी झाली, तेव्हा तो रुग्णालयात आला आणि संध्याकाळी सीरम मिळालं. आठव्या दिवशी पडदा सुटून गेला, मुलगा हसू लागला. आई म्हणाली, "पोर बरो झालो, आता घरी नेतंय." डॉक्टरांनी सोडलं नाही. अकराव्या दिवशी नाडी चुकू लागली आणि ईसीजी बिघडला. सीरम मिळायच्या आधीच्या पाच दिवसांत जे विष हृदयाच्या पेशींत उतरलं होतं, त्याचं हे काम. आधी बनलेली प्रथिनं काही दिवस गाडा रेटतात, ती झिजली आणि नवी आली नाहीत की स्नायू थकतो. त्याला अंथरुणातून उठू दिलं नाही, तीन आठवड्यांत हृदय सावरलं. चौथ्या आठवड्यात बोलणं गेंगाणं झालं आणि पेज प्यायला दिली तर ती नाकातून परत येऊ लागली. टाळूच्या नसा पडल्या होत्या. नसांभोवतीचं मायलिनचं वेष्टन विषानं जातं, पण ते पुन्हा चढतं. दोन महिन्यांनी तो नीट गिळू लागला. घसा मात्र नवव्या दिवसापासून स्वच्छ होता. घरी नेला असता तर अकरावी रात्र कशी गेली असती, ते मला आजही आठवावंसं वाटत नाही.

लशीचा मुद्दा. लस घेतलेल्याच्या घशात जंतू सापडू शकतो, हे अगदी बरोबर आहे. लस जंतूविरुद्ध नाहीच, ती विषाविरुद्ध आहे. जंतू घशात राहिला तरी विष रक्तात उतरताच प्रतिपिंडं त्याला धरतात, म्हणजे सीरमचं काम आधीपासून अंगात तयार असतं. शिवाय सगळेच डिप्थेरीचे जंतू विष बनवत नाहीत. विषाचं जनुक जंतूचं स्वतःचं नव्हे, ते एका विषाणूनं त्याच्यात आणलेलं असतं. ज्याला तो विषाणू लागला नाही तो जंतू घशात बसून राहतो, पण हृदयाला धक्का लावत नाही. म्हणून आम्ही नुसता जंतू सापडला म्हणून थांबत नसू. एलेक चाचणीत अँटिटॉक्सिनमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी जंतूच्या रेघेला आडवी ठेवतात. विष बनत असेल तर दोन्ही जिथं भेटतात तिथं बारीक पांढरी रेघ उमटते.

लशीत असतं ते टॉक्सॉइड. विषाला फॉर्मल्डिहाइड लावून ठेवतात, मग त्याचा आकार प्रतिपिंडांना ओळखता येतो, पण बेडी घालण्याचं काम त्याला जमत नाही. हे काम किती नाजूक आहे ते दुसऱ्या एका उदाहरणातून दिसतं. विषाच्या बावन्नाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल, ग्लायसिनच्या जागी ग्लुटॅमिक आम्ल, असं बदललं की विष निरुपद्रवी होतं. ते बदललेलं प्रथिन न्यूमोकोकसच्या काही लशींत आज वापरतात.

प्रतिपिंडं वर्षांनुवर्षं कमी होत जातात. म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, मग दीड-दोन आणि पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटी, आणि दहा व सोळा वर्षांना टीडी असते; घटसर्पाचं टॉक्सॉइड या तिन्ही लशींत असतं. त्या मुलाला घरी पाठवण्याआधी टीडी टोचली, तेव्हा वडिलांनी विचारलं की एवढा रोग भोगल्यावर आता कशाला. मी त्यांना सांगितलं, मुलाला मरणाच्या दारात नेणारं विष इतकं थोडं असतं की तेवढ्यानं प्रतिपिंडं पुरेशी बनतीलच असं नाही. दुसऱ्या मात्रेची तारीख त्यांनी कार्डावर लिहून घेतली, आणि तेव्हा बिऱ्हाड कुठल्या बंदरावर असेल ते बायकोला विचारून खाली टिपून ठेवलं.