कासव आधी जिंकलं, मग ससा झोपला

लहान मुलांच्या कथाकथन स्पर्धेला परीक्षक म्हणून या असं कुणी म्हटलं की आपल्याला वाटतं काय, बसायचं, गोष्टी ऐकायच्या, चहा प्यायचा. प्रत्यक्षात हातात एक तक्ता येतो, त्यावर आवाज, क्रम, हावभाव आणि श्रोत्यांशी संवाद, प्रत्येकी दहा मार्क, आणि समोर सहा वर्षांचं पोर माईक गिळायच्या तयारीत.

पहिल्या मुलाला कितीही आवडला तरी नऊ द्यायचे नाहीत हे मी शिकलोय, सातच्या आसपास ठेवायचं, नाहीतर पुढे कोणी खरंच भारी आलं तर द्यायला काही उरतच नाही. दुसरं म्हणजे गोड दिसणाऱ्या पोराला चारही रकान्यांत आपोआप आठ पडतात, म्हणून मी एकेक रकाना वेगळा विचार करून भरतो, म्हणजे प्रयत्न करतो. आणि आवाज म्हणजे ओरडणं नव्हे हो! शेवटच्या रांगेत शब्द कळतोय का, आणि सिंह नि उंदीर एकाच सुरात बोलतायत का, एवढंच बघायचं.

तर यावेळी एक मुलगी आली, गोष्ट तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण 'मोठ्ठा हत्ती' म्हणायच्या आधीच हात पसरलेले, हत्ती नंतर आला. आणि नजर पूर्ण वेळ डाव्या कोपऱ्यात, तिथे आई ओठ हलवत उभी. आवाज आठ, क्रम दहा, हावभाव सहा, संवाद तीन. सत्तावीस.

मग एक मुलगा ससा-कासव घेऊन आला. कासव तिसऱ्याच वाक्यात जिंकलं. टाळ्या पडल्या, तो थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अरे थांबा थांबा, ससा मधे झोपला होता ते राहिलं!" हॉल फुटला. त्यानेही हसू ओसरू दिलं, मग पुढच्या रांगेतल्या पोरांना विचारलं, "उठवू का त्याला?" पोरं ओरडली, नकोऽऽ! क्रमाला चार दिले, शून्य नाही, कारण शेवटी गोष्ट सगळ्यांना कळली. आवाज सहा, हावभाव आठ, संवाद नऊ. बेरीज केली तर हेही सत्तावीस!

टाय झाल्यावर काय करायचं हे तक्त्यावर कुठेच नव्हतं, हे खरं तर सुरुवातीलाच ठरवून घ्यायला हवं. सोबतच्या परीक्षक मॅडम क्रमावर अडून बसलेल्या, माझं म्हणणं की समोर माणसं बसवलीयत ती कशाला मग? शेवटी संवादाचा रकाना जिंकला, कासवासारखाच.

बक्षिसं झाल्यावर मुलीची आई आली. "सर, संवादाला तीनच का?"

म्हटलं, "ताई, ती सगळा वेळ फक्त तुमच्याकडेच बघत होती."

"अहो, मग मी पण श्रोताच ना!"