एक फेब्रुवारीचा एल्बो

मामांचं तालुक्याला नळ-पाइप आणि खिळे-स्क्रूचं दुकान आहे. "तू कॉम्प्युटरवाला ना? भावपत्रक पाठवतो, कोड टाकला की बिल झालं पाहिजे," म्हणत त्यांनी मला फोटो धाडला. फोटोच्या मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि डाव्या कोपऱ्यात खुद्द मामांचा अंगठा. अंगठ्याखाली कोणता माल होता, ते विचारायला पहिला फोन.

मी रकाने आखले: कोड, माल, साइज, एकक, दर. पहिला कोड 001 टाकला, एक्सेलने दोन्ही शून्यं गिळून 1 ठेवला. म्हणून EL01, SC01 असे अक्षरांचे कोड केले. स्वतःवर खूश होऊन मी एल्बोची साइज भरली: 1/2. एंटर मारताच तिथे 01-Feb. पाऊण इंची एल्बो तीन एप्रिलला गेला. घाईघाईने रकाना 'टेक्स्ट' केला, तर तारीख जाऊन 46054 आलं. म्हणजे अर्ध्या इंचाचा एल्बो आता सेहेचाळीस हजार इंचांचा! रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि मग आकडे भरायचे, हे शहाणपण मला छत्तीस एल्बो-टी पुन्हा टाइप करताना आलं.

दरांच्या रकान्यात सात ओळी सलग ११ होत्या. वॉशरही अकरा, बॉल व्हॉल्व्हही अकरा. दुसरा फोन. "अरे, ते अकरा नाहीत, वरच्यासारखंच म्हणून दोन रेघा मारल्यात!" पण वरच्यासारखं म्हणजे दर की एकक? "ते बघितल्यावर कळतं," मामा म्हणाले. मामांना कळतं.

मग बिलात दराच्या खान्यात, कोडवरून Rates शीटमधला दर उचलणारं सूत्र घातलं:

```
=VLOOKUP(A2,Rates!A:E,5,FALSE)
```

शेवटचं FALSE विसरलं तर नेमका कोड सापडला नाही तरी ते शेजारच्या मालाचा दर बिनदिक्कत लावतं, चूक दाखवतही नाही. ते मी विसरलो नाही. विसरलो ते एकक. स्क्रूचा दर ३० भरला, एकक 'नग'. पहिल्याच गिऱ्हाइकाने एक ग्रोस मागितला. 144 गुणिले 30, बिल 4320 रुपये. सुतार बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चांदीचे आहेत का?" दर डझनाचा होता. बारा डझनांचे 360. तेव्हापासून दराला चिकटून एकक, आणि नगात मोजायचं की डझनात, ते मामांच्या तोंडून वदवून घेतलेलं.

शीट आता चालते. पण पहिली चुकीची प्रिंट काउंटरवर आठवडाभर चिकटवलेली होती, आणि दुकानातल्या पोऱ्याने तीच पाठ केली. परवा मी तिथे उभा असताना तो माळ्यावरून ओरडला,

"मामा, एक फेब्रुवारी भरपूर आहेत, तीन एप्रिल संपले!"

मामांनी मान न वर करता वहीत ऑर्डर लिहिली: पाऊण इंची, दोन पेट्या.