रुपया घसरला, तर बारामधून पाच वजा करायचे का?

‘शेअर बारा टक्के वाढला आणि डॉलर पाच टक्के महागला, तर परदेशी गुंतवणूकदाराला सातच टक्के मिळाले ना?’

सात हे उत्तर जवळपासचे आहे, पण नेमके नाही. कारण हे दोन टक्के वजा करायचे नसून त्यांच्या गुणकांचा भागाकार करायचा असतो. समजा, अमेरिकेतील एखाद्याने डॉलर ८० रुपयांना असताना १,००० डॉलर आणून आमच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीचे ८०,००० रुपयांचे शेअर घेतले. वर्षभरात त्यांचे ८९,६०० रुपये झाले, पण तोवर डॉलर ८४ रुपयांवर गेला. आता परत नेताना हातात येतात सुमारे १,०६६.६७ डॉलर, म्हणजे परतावा ६.६७ टक्के. हेच १.१२ भागिले १.०५.

फरक पडतो तो असा, की रुपयाची घसरण केवळ मुद्दलावर नव्हे, तर मिळालेल्या ९,६०० रुपयांच्या नफ्यावरही बसते. बदल लहान असतील तर वजाबाकी खपून जाते. शेअर ६० टक्के वाढून डॉलर २५ टक्के महागला, तर मात्र ३५ ऐवजी २८ टक्केच उरतात. (दलाली आणि कर यांत धरलेले नाहीत.)

वरील उदाहरणात डॉलर ८९.६० रुपयांवर पोहोचला असता, तर इथल्या भागधारकाने बारा टक्के कमावलेल्या त्याच शेअरवर त्या परदेशी माणसाची कमाई शून्य झाली असती. परदेशी संस्थांच्या विक्रीचे कारण शोधताना कंपनीच्या ताळेबंदाबरोबर विनिमय दरही पाहावा लागतो, तो यासाठीच.