आवाज फाटतो, पण कोन शाबूत असतो

"ब्लूटूथ स्पीकर फुल आवाजावर फाटायला लागला म्हणजे कोन गेला. बॅटरीचा संबंध नाही. बॅटरी कमी असेल तर स्पीकर बंद पडतो, आवाज फाटत नाही. चार्जर लावूनही फाटत असेल तर शंकाच नको, नवा घ्या."

असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. कोन म्हणजे स्पीकरचा थरथरून आवाज काढणारा पडदा. यातलं पहिलं वाक्य कधीकधी खरं ठरतं. पण कोन फाटला असेल किंवा त्याला मागून हलवणारी तारेची कॉइल घासत असेल, तर खरखर बहुधा मध्यम आवाजातही ऐकू येते, आणि चार्जिंग पूर्ण केल्याने ती जात नाही. स्पीकर बंद करून दोन्ही अंगठ्यांनी कोन कडेला अगदी हलका, समान दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल घासतेय. नाही लागलं तर कडेचा रबर कुठे सुटलाय का ते पाहा.

बॅटरीबद्दलचं म्हणणं मात्र चूक आहे. लिथियमचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होत आला की ३ च्या आसपास येतो. स्पीकर बंद पडतो तो अगदी शेवटी. त्याआधीच बासचा ठोका आला की अॅम्प्लिफायर क्षणभर भरपूर करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि लहरीचं टोक सपाट कापलं जातं. तोच फाटलेला आवाज. म्हणून तो फक्त मोठ्या आवाजात आणि ठोक्याबरोबर येतो.

लीड, म्हणजे सेलपासून बोर्डापर्यंत जाणारी तार, सैल असेल तर भरलेल्या बॅटरीवरही हेच होतं. माझ्या एका स्पीकरमध्ये असंच झालं होतं. गाण्यातल्या ठोक्यांवर मल्टिमीटरचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून मी ८० हर्ट्झचा सलग सूर मोठ्याने लावला. सेलवर ३.८ व्होल्ट, पण बोर्डावर ३.३. मधले ०.५ व्होल्ट एका लीडच्या सैल पिनमध्ये जात होते. दोन अँपिअर वाहत असतील तर पाव ओहमचा अडथळाही एवढं खाऊन टाकतो. पिन घट्ट केल्यावर फरक ०.०४ वर आला आणि आवाज साफ झाला. कोनला हातही लावला नव्हता.

सेलवरचाच आकडा बासला कोसळत असेल, तर मात्र लीड नव्हे, सेल थकलाय.

चार्जरची कसोटी का फसते? अनेक छोट्या स्पीकरमध्ये चार्जर जेमतेम अर्धा-एक अँपिअर देतो. ठोक्याचा बाकीचा करंट त्याच सैल लीडमधून यावा लागतो. म्हणून चार्जर लावून फाटला तरी कोन दोषी ठरत नाही.

एक मात्र पाळा. सेल फुगलेला दिसला तर मोजमाप तिथेच थांबवा, आणि सेलवर थेट सोल्डरिंग कधीच करू नका. लीडची डागडुजी बोर्डाच्या टोकालाच करा, तीही दोन तारा एकमेकींना टेकू न देता.